गाडी तशीही जात होती

अण्णामामांनी आयुष्यात कुणावर प्रेम केलं याचा तोंडी पुरावा उपलब्ध नाही. लेखी म्हणावा तर तोही नाही. आम्हां भाचरांना त्यांची पोस्टकार्डं यायची, त्यांत आशीर्वादसुद्धा 'अ. उ. आ.' एवढाच असे. 'अनेक उत्तम आशीर्वाद' असं सबंध लिहायला कार्डावर जागा असायची. पण ती जागा विहिरीचं पाणी कितव्या पायरीला आलं आणि कपिला कधी विणार या मजकुरासाठी राखीव होती. परिस्थितिजन्य पुरावा मात्र एवढा आहे की कुठल्याही कोर्टानं त्यांना पहिल्याच तारखेला दोषी ठरवावं.

हा माणूस तुमच्याही घरात असणार. कुठे तो वडिलांच्या रूपात असतो, कुठे आत्याच्या, कुठे जिन्यावर गाठून हातात वाटी देणाऱ्या शेजारच्या काकूंच्या. आमच्याकडे तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या रूपात राहतो. चाळीसेक हापूसची कलमं, घराच्या उतरणीला थोडी पोफळी, कुंपणाला फणस आणि घरात माई, म्हणजे माझी मामी. थोरला मुलगा पुण्याला, धाकटी मुलगी डोंबिवलीला. मी पुण्यातच असल्यामुळे पहाटे स्वारगेटला जाऊन पेट्या उतरवून घेणं हे खातं माझ्याकडे आहे, आणि या लेखनाचा अधिकारही मला त्या खात्यामुळेच पोचतो.

अण्णांचा फोन रात्री आठनंतर येतो. 'जेवलास?' मग 'काय होतं?' मग हवापाणी. मग 'गाडी हळू चालव हो,' आणि 'ठेवतो.' ट्रंक कॉलच्या काळात तीन मिनिटांचे पैसे पडायचे. अण्णा त्यातली दोन मिनिटं सरकारला सोडून देत. आता फोन फुकट झाला तरी संभाषण वाढलेलं नाही. मला एकदा डेंग्यू झाला तेव्हा त्यांचा दिवसातून दोनदा फोन येऊ लागला. दर वेळी सुरुवात एकच : "माई विचारत होती, प्लेटलेट किती आल्या?" दुपारी माईंचा वेगळा फोन. त्या म्हणायच्या, "हे विचारत होते, प्लेटलेट किती?" त्या घरात माझी चौकशी नेमकी कोण करत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दोघांपैकी कुणीच ती करत नव्हतं.

समोर गेलात तर पहिला शब्द 'मेल्या'. "मेल्या, केवढा हडकलायस!" माझं वजन वाढतच आलेलं आहे, वैद्यकीय अहवाल हजर करता येतील, पण अण्णांच्या दरबारात मी सदैव हडकलेला आहे. यामागे आमच्याकडची एक जुनी सावधगिरी आहे. चांगलं दिसलं तर चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते. गुटगुटीत बाळाला 'काय गो हे पाप्याचं पितर' म्हणायचं आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं पुढच्या मुलाचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवत, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं की हे काही फार मोलाचं नाही. जिथं जिवाच्या तुकड्याला दगड म्हणून लपवायची रीत होती, तिथं 'माझं तुझ्यावर फार प्रेम आहे' असं मोठ्यानं बोलणं म्हणजे दार सताड उघडं टाकून मुंबईला जाण्यातला प्रकार.

दुसरं कारण घराच्या रचनेत होतं. अण्णांच्या लहानपणी त्या घरात तीन भावांचे संसार एका चुलीवर होते. वडिलांसमोर स्वतःचं मूल कडेवर घ्यायचं नाही, हा अलिखित कायदा. स्वतःचं रडलं तर ऐकू आलं नाही असं करायचं आणि भावाचं रडलं तर उचलायचं. अण्णा सांगतात की त्यांना वडिलांनी कधी उचलून घेतलेलं आठवत नाही, पण मधल्या काकांच्या खांद्यावरून अख्खी देवीची जत्रा पाहिलेली आठवते. आणि त्याच वेळी काकांचा मुलगा अण्णांच्या वडिलांच्या खांद्यावर होता. म्हणजे एकूण खांदे आणि एकूण मुलं यांचा हिशेब जुळत होता, फक्त देवाणघेवाण करून. कारण सोपं आहे. स्वतःच्या पोराचे लाड उघड केले की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागतात. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. मार्गारेट ट्रॉविक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तामिळनाडूतल्या एका कुटुंबात राहून १९९० साली पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे : आईची माया झाकून, आवरून ठेवायची असते, मुलाकडे भरल्या डोळ्यांनी फार वेळ बघायचंसुद्धा नाही. त्या बाई कोकणात आल्या असत्या तर त्यांचं अर्धं काम अण्णांच्या ओटीवर झालं असतं आणि परत जाताना हातात कुळथाच्या पिठाची पिशवी पडली असती.

नवरा-बायकोचं तर विचारूच नका. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणींचं सबंध पुस्तक न्यायमूर्तींबद्दल लिहिलं, पण त्यांचा उल्लेख केला तो 'स्वतः' असा. अण्णा आणि माई त्याच्याही पुढे गेले. ते बोलतात मांजराशी. "मन्या, कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात म्हणावं," असं माई चुलीपाशी म्हणतात आणि ओटीवरून उत्तर येतं, "मन्या, सांग त्यांना, कालच आणल्यात." मन्याला घरातली सगळी औषधं पाठ असणार. अण्णांच्या साठीशांतीला पाहुण्यांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. माईंनी कोकम आणि मोगरा यमकात बसवून एका दमात घेऊन टाकलं. बायकांना आमच्याकडे एवढी एक परवानगी होती, यमकात गुंडाळून, सणासमारंभाला, चारचौघांत. मग सगळे अण्णांच्या मागे लागले. अण्णा उठून उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "पंगत मांडा. ती सकाळपासून उपाशी आहे." टाळ्या पडल्या नाहीत, कारण लोकांना वाटलं उखाणा अजून व्हायचाय.

आता मूळ विषय, म्हणजे पेटी.

अण्णांच्या लेखी आंबा हा झाडावर तयार होत नाही, तो घेणाऱ्याच्या तारखेप्रमाणे तयार होतो. पुण्याला जायचा असेल तर फळ चौदा आणे तयार उतरवायचं. सोळा आणे नाही. झाडावर जास्त राहिलं तर आत साका धरायची शक्यता वाढते, कमी राहिलं तर पिकताना सुरकुततं आणि आंबटच राहतं. चौदा आणे ओळखायचं कसं? देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर येतात, देठ खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो, आणि गडद हिरवा रंग फिका व्हायला लागतो. शंका आली तर पाण्याच्या बादलीत टाकायचं. तयार फळ तळाला जातं, कोवळं तरंगतं. काढायचं झेल्यानं, देठ ठेवून. देठ मुळापासून तुटला की चीक ओघळतो, साल भाजते, काळा डाग पडतो आणि पुढे तिथूनच फळ सडतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ काढतो, म्हणून अण्णांकडे तोच. उतरवलेलं फळ क्षणभरही उन्हात ठेवायचं नाही. हे सगळं ते गड्याकडून करून घेतात आणि मग पेटी मात्र स्वतः भरतात, पडवीत, दार लोटून, कुणी बघत नाही याची खात्री करून.

पेटी भरताना त्यांच्या मनात वाटणीचा प्रश्न असतो. थोरल्याला आणि धाकटीला सारखंच गेलं पाहिजे. पाच डझन म्हणजे पाच डझन, शिवाय वर चार 'साक्याचे'. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच आत पांढरट, स्पंजासारखा भाग सापडतो; तेव्हा एखाद्यात निघालाच तर मुलांचं नुकसान नको म्हणून ही भरपाई आगाऊ. मला वाटतं, अण्णांच्या पिढीनं वस्तूंमधून बोलायचं ठरवलं त्याचं खरं कारण इथं आहे. शब्द मोजून सारखे वाटता येत नाहीत. एकाला म्हटलेला शब्द दुसऱ्याला कमी पडल्यासारखा वाटतो. आंबे मोजता येतात, आणि कुणी विचारलंच तर पेटी उघडून दाखवता येते. अर्थात पक्षपात आहेच. धाकटीच्या पेटीत मधला थर घरामागच्या जुन्या कलमाचा असतो, ज्याची फळं अण्णा बाजारात पाठवत नाहीत. हे थोरल्याला माहीत आहे, धाकटीला माहीत आहे, मला माहीत आहे. संख्या सारखी असल्यामुळे कुणाला तक्रार करता येत नाही.

पेटी तयार झाली की प्रेमाचे सर्व पुरावे नष्ट करण्याचं काम सुरू होतं. फोनवर सांगायची वाक्यं ठरलेली : "जास्तीचे होते." "इथं कोण खाणार, वाया गेले असते." आणि सगळ्यांत वजनदार, "गाडी तशीही जात होती." गाडी म्हणजे पुण्याला जाणारी खाजगी रातराणी. ती फाट्यावर नऊच्या सुमाराला येते आणि अण्णा तिथं आठपासून बॅटरी घेऊन उभे असतात. ड्रायव्हरला चहाचे पैसे, वर दोन डझन त्याला, पेटीवर तीन बाजूंना माझा फोन नंबर, शिवाय ड्रायव्हरचा नंबर मला, क्लीनरचा नंबर थोरल्याला. तशीही जाणाऱ्या गाडीसाठी एवढी यंत्रणा मी दुसरीकडे पाहिली नाही.

एका वर्षी त्या गाडीचा संप झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटला एसटीतून अण्णा स्वतः उतरले, पेटी हमालाच्या डोक्यावर. रात्रभराचा प्रवास, वय पंचाहत्तरच्या पुढे. थोरल्यानं दार उघडलं तर हे म्हणाले, "तसंही यायचंच होतं." काय काम होतं? "चष्म्याची दांडी सैल झाली होती." मग चहा घेतला, पेटी कुठल्या खोलीत ठेवायची ते दाखवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दांडीचा स्क्रू आवळून आणला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. रत्नागिरीत चष्म्याची दुकानं भरपूर आहेत.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण अण्णांच्या कौतुकात ती नेहमी राहून जाते. या सगळ्या पेट्यांच्या, बरण्यांच्या आणि डब्यांच्या मागे प्रेम अण्णांचं असेल, पण कंबर माईंची आहे. आंबे अण्णा भरतात ते वर्षातून दोन-तीनदा. बाकी आमसुलं वाळवायची, कुळीथ भाजून दळायचे, सांडगी मिरच्या भरायच्या, लोणच्याच्या फोडी रात्रभर मिठात ठेवायच्या, हे सगळं माई करतात आणि त्या पिशवीवर अक्षर मास्तरांचं असतं. न बोलता प्रेम करायच्या आपल्या या थोर पद्धतीत बहुतेक घरी मौन पुरुषांच्या वाट्याला आलं आणि प्रेमाचं दळण बायकांच्या. माई यावर काही बोलत नाहीत. मन्याला काही सांगत असतील तर ठाऊक नाही.

या भाषेची अडचण अशी की समोरच्याला ती वाचता आली पाहिजे. थोरल्याची बायको नागपूरची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पेटी आली, तिनं हौसेनं उघडली, हिरवे टणक आंबे पाहिले आणि खराब होऊ नयेत म्हणून सगळे फ्रीजमध्ये ठेवून दिले. तिच्या परीनं तो सन्मानच होता; घरातली सगळ्यांत थंड जागा तिनं दिली. पण कच्च्या हापूसला बारा-तेरा अंशांखालची थंडी सोसत नाही. त्याचं पिकणंच थांबतं. आठवड्यानं बाहेर काढले तर सालीवर खड्डे आणि काळपट डाग, आतला गर फिका आणि बेचव, आणि कितीही दिवस बाहेर ठेवले तरी वास येईना. थोरल्यानं ही बातमी फोनवर सांगायचा गाढवपणा केला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग अण्णा म्हणाले, "पाऊस आहे का तिकडे?" मे महिना होता.

पुढच्या वर्षीपासून पेटीत वरच्या थरावर वहीचा दुरेघी कागद येऊ लागला. मास्तरांचं अक्षर, महत्त्वाच्या ओळी लाल शाईनं अधोरेखित. पेटी आल्याबरोबर उघडावी व वारा लागू द्यावा. फळे पेंढ्यावर, देठ खाली करून, एकमेकांस न चिकटतील अशी मांडावीत, वर पुन्हा पेंढा घालावा. शीतकपाट वर्ज्य. दर दोन दिवसांनी हात फिरवावा; डागी फळ त्याच वेळी काढावे, शेजाऱ्यास नासवते. रंग पाहून फसू नये. घरात शिरताच वास आला म्हणजे पहिला थर झाला. देठाशी किंचित सैल व सालीस बारीक सुरकुती असेल ते फळ त्याच दिवशी. खालचा थर आठ-दहा दिवस उघडू नये. 'तू अननुभवी आहेस म्हणून लिहिले, राग मानू नये. कळावे, अण्णा.' सुनेला सासऱ्यांचं आलेलं ते पहिलं पत्र. तिनं ते फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावून ठेवलं, आणि अजून ते तिथंच आहे.

त्याहून मोठा अपघात थोरल्यानं केला. एका हंगामात तो सहज म्हणून गेला, "अण्णा, कशाला एवढा त्रास घेता? इथं सगळं मिळतं. मोबाइलवर सांगितलं की दहा मिनिटांत दारात." माहिती म्हणून खरं होतं. अण्णांनी 'बरं' म्हटलं. त्या वर्षी पेटी माझ्या नावानं आली, आत चिठ्ठी : 'तुझ्याकडे जागा आहे म्हणून पाठवली आहे. त्यास वाटल्यास नेईल.' मी काही न बोलता त्याच्या दारात नेऊन ठेवली. पुढच्या वेळी त्यानं आपण होऊन फोन केला, "अण्णा, बाजारातल्या आंब्यात काही राम नाही हो." पंधरा दिवसांत गाडी पुन्हा त्याच्या नावानं तशीही जाऊ लागली. माझ्या माहितीत, बापाची क्षमा मागायचा मराठीतला हा सर्वांत लांब आणि सर्वांत सोपा मार्ग आहे : त्याच्या मालाची स्तुती करायची आणि बाजाराला शिव्या द्यायच्या.

आणि मग थोरल्याला मधुमेह निघाला.

ही खरी आपत्ती होती. आंबा, फणसपोळी, घावन-घाटलं, नारळाच्या वड्या, काकवी : अण्णांच्या शब्दकोशातली जवळजवळ सगळी पानं डॉक्टरांनी एका सकाळी फाडून टाकली. खाऊ घालून माया करणाऱ्या घरांची ही गोची आता सगळीकडे दिसते. पोराची साखर तपासणीच्या कागदावर वाढलेली असते आणि आईचा हात पानात वाढताना थांबत नाही, कारण तो थांबवायचा तर त्या जागी दुसरं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. 'नको' म्हटलं की तिला 'नकोस' असं ऐकू येतं. थोरल्याच्या बातमीनंतर अण्णांनी मला फोन केला आणि ठरलेल्या चार वाक्यांबाहेरचं एक वाक्य बोलले : "मग आता त्याला पाठवायचं काय?" मी मेथी म्हटलं, नाचणी म्हटलं. "ते पाठवीनच," ते म्हणाले, आणि ठेवलं.

डॉक्टरांनी आंबा पूर्ण बंद केला नव्हता, हिशेबात खा म्हटलं होतं. हिशेब हा शब्द ऐकला की मास्तर जागे होतात. त्या एप्रिलमध्ये पेटी आली ती उघडून मी चपापलो. आत सगळी बारकी फळं. आमच्याकडे पेटीत किती डझन बसतात त्यावरून आकार सांगतात. पाच डझनी म्हणजे मोठं, आठ डझनी म्हणजे बारीक, त्याला भाव कमी. अण्णा आजवर पाच डझनीखाली उतरले नव्हते. गावात कुजबुज झाली की मास्तर चिक्कू झाले, चांगला माल बाजारात आणि उरलासुरला पोराला. माईंनाही पटलेलं नव्हतं. थोरला काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. त्याच्या मनात धाकटीच्या पेटीतला मधला थर आलाच असणार.

उलगडा केला सुनेनं. तिनं चिठ्ठी नीट वाचली. वरचा मजकूर नेहमीचाच, फक्त शेवटी एक ओळ नवी : 'एका वेळी एकच, तोही जेवणासोबत नाही. अर्धा उरवून ठेवू नये, मोह होतो.' ती म्हणाली, "अहो, मोठं फळ असतं तर अर्धंच खाऊन उठावं लागलं असतं तुम्हाला. त्यांनी अख्खा खाता येईल असा आंबा निवडलाय." चाळीस कलमांतून, झेला घेऊन, बारकी फळं वेचून काढायची, आणि गावभर चिकटपणाचा लौकिक घ्यायचा. तोंडानं एक वाक्य बोलून हे सगळं वाचलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आधी 'मला तुझी काळजी वाटते' पर्यंत जावं लागलं असतं, आणि तेवढ्या लांब अण्णांची गाडी जात नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांच्या दारात संत्र्यांची करंडी येऊन पडली. नागपूर ते पुणे, पुणे ते रत्नागिरी, तिथून रिक्षानं फाटा. सुनेचा फोन आला, "बाबांकडे जास्तीची होती. गाडी तशीही जात होती." अण्णांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला आहे. नागपूरहून आमच्या गावाकडे कुठलीही गाडी तशीही जात नाही, हे त्यांना नकाशा न उघडता ठाऊक होतं. ते म्हणाले, "बरी आहेत. जरा आंबट आहेत." आणि मला माई म्हणाल्या की त्यांनी एकही संत्रं शेजारीपाजारी वाटू दिलं नाही.

धाकटीचं मत मात्र वेगळं आहे आणि ते मांडायलाच हवं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती ते वर्ष तिला फार जड गेलं. अण्णांनी तांदूळ पाठवले, डाळी पाठवल्या, मुलांच्या फीचे पैसे 'माईची भिशी लागली' म्हणून पाठवले. ती मला म्हणाली, "तांदळाचं पोतं उघडून मी त्यात हात घालून बघितलं, कुठं एखादी चिठ्ठी आहे का. एवढं म्हणायला काय झालं होतं, की घाबरू नकोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोट भरायची सोय आणि धीर या दोन गोष्टी दर वेळी एकाच पोत्यात मावत नाहीत. काही गोष्टी तोंडानंच सांगाव्या लागतात, आणि ज्यांना त्या सांगता येत नाहीत त्यांची मुलं तांदळात हात घालून बसतात. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. मीही त्याच घरातला.

आता राहिली थोरल्याची मुलगी, वय सात. तिच्या शाळेत हा शब्द वापरायला बंदी नाही. व्हिडिओ कॉलच्या शेवटी ती ओरडते, "लव्ह यू आजोबा!" पहिल्यांदा ओरडली तेव्हा पडद्यावर अण्णांचा चेहरा गेला आणि घराचं आढं दिसायला लागलं, मग माई आल्या. रात्री मला फोन : "ती असं का म्हणाली रे? काही हवंय का तिला?" मी म्हटलं, नाही हो, तसंच म्हणतात मुलं. "उगाच कुणी कशाला म्हणेल," अण्णा म्हणाले. चार दिवसांनी फणसपोळ्यांचं पुडकं आलं. बरक्या फणसाचा रस चाळून, साखर घालून, ताटांवर पातळ पसरून, थरावर थर देत उन्हात वाळवलेल्या, माईंच्या. पोरगी हुशार. तिनं दोन आणि दोन जोडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा ओरडली. पुन्हा पुडकं आलं. सगळा मे महिना हा व्यवहार सुरळीत चालला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, ऊन गेलं, आणि अण्णांचा मला फोन आला. "जेवलास?" झालं. "काय होतं?" झालं. मग म्हणाले, "तिला समजावून सांग. फणसपोळी आता पुढच्या उन्हाळ्यात. श्रावणात म्हणाली तर नारळीपौर्णिमेच्या वड्या पाठवता येतील. मधे म्हणू नको म्हणावं, उगाच जीव टांगणीला लागतो." कुणाचा, असं मी विचारलं. "माईचा," अण्णा म्हणाले, आणि ठेवलं.